काखेतल्या डब्याचे कूळ

गेल्या दिवाळीत मावशीच्या ट्रंकेतून एक काळा-पांढरा फोटो निघाला. घरातल्या कुठल्याशा लग्नानंतरच्या गोंधळाचा. अंगणात चौक मांडलेला, मागे दिवटी पेटलेली आणि पुढे कवड्यांच्या माळा घातलेले तिघे गोंधळी. एकाच्या कमरेला दोन भांडी बांधलेली, दुसऱ्याच्या हातात झांजा, आणि मधल्याच्या काखेत एक लाकडी डबा. डब्याच्या अंगाला लांब काठी.

भाच्याने विचारले, “मामा, हा डबा घेऊन काय करतोय?”

“वाजवतोय. तुणतुणं आहे ते.”

“म्हणजे ढोलच ना?”

“नाही रे, त्याला तार असते.”

“मग सतारीसारखं? पण सतार कुठे अशी डब्यासारखी दिसते?”

नाव सांगून मी सुटलो असे मला वाटले होते. पण पोराने विचारले होते ते नाव नव्हतेच. तो कूळ विचारत होता, आणि नाव ठाऊक असूनही कूळ ठाऊक नाही अशी माझी गत होती. (इथे कूळ म्हणतो, घराणे म्हणत नाही. संगीतात घराणे म्हटले की किराणा-ग्वाल्हेरच आठवणार.) शिवाय फोटो मुका. वाजवून बघण्याची सोय नाही. मग फोटोतल्या वाद्याचे कूळ ओळखायचे कसे?

कुळे कोणती ते आधी पाहू. भरताच्या नाट्यशास्त्रात अठ्ठाविसाव्या अध्यायात वाद्यांचे चार वर्ग सांगितले आहेत. तत म्हणजे तारेची, अवनद्ध म्हणजे कातड्याने मढवलेली, सुषिर म्हणजे पोकळीत हवा फुंकण्याची आणि घन म्हणजे भरीव, अंगानेच वाजणारी. युरोपात बराच काळ तीनच वर्ग मानत. तारेची, फुंकायची आणि आपटायची. त्या तिसऱ्या वर्गात ढोल आणि घंटा एकाच पिशवीत पडत. १८७६ मध्ये कोलकात्याच्या शौरींद्रमोहन टागोरांनी सुमारे शंभर भारतीय वाद्ये बेल्जियमच्या राजाला भेट पाठवली. ती ब्रुसेल्सच्या संगीत विद्यालयाच्या संग्रहालयात गेली. तिथले संग्रहपाल व्हिक्टर-शार्ल माइयों यांनी यादी करताना चार वर्गांची मांडणी घेतली. पुढे १९१४ मध्ये एरिक फॉन हॉर्नबोस्टेल आणि कुर्ट झाक्स यांनी तिला बारीक पोटवर्ग आणि आकडे जोडले, आणि जगभरची संग्रहालये आजही वाद्यांची नोंद बहुधा त्याच पद्धतीने करतात.

या मांडणीचा पाया एकाच प्रश्नावर आहे. आवाज निघताना सगळ्यात आधी काय थरथरते? तार, कातडे, हवा, की वस्तूचे स्वतःचे अंग? वाद्य कशाचे बनले आहे, केवढे आहे, कुठे वाजते, याला इथे जागा नाही.

अडचण अशी की फोटोत थरथर दिसत नाही. पण थरथरायला जी तयारी लागते, ती दिसते. सैल तार वाजत नाही आणि सैल कातडेही वाजत नाही. दोन्ही ताणावे लागतात, आणि ताण द्यायचा तर कुठे खुंटी लागते, कुठे वादी. हवेला ताण नको, पण आत शिरायला तोंड आणि बाहेर पडायला भोक हवे. घन वाद्याला यातले काहीच लागत नाही. त्याला हवी फक्त मोकळीक, कारण घट्ट धरले की ते मुके होते. म्हणून फोटो हातात आला की आधी आकाराकडे पाहू नये. ताण कुठे आहे, ते शोधावे.

आमच्या फोटोवर हे करून पाहू. सोपे आधी.

झांजा धरणाऱ्याची बोटे पाहा. त्याने झांजेची कड कुठेच पकडलेली नाही. मधल्या फुगीर भागातून ओवलेली दोरी त्याच्या मुठीत आहे. ही केवळ धरण्याची सोय नव्हे. झांज वाजते तेव्हा तिची कड सर्वांत जास्त हलते आणि मध्य जवळजवळ स्थिर असतो. म्हणून दोरी मध्यात. कड पकडली तर नुसता ‘ठक्’ असा आवाज येईल. टाळ असाच दोरीवर असतो आणि देवळातली घंटाही अशीच टांगलेली असते. फोटोत एखादी कडक वस्तू मध्यातून किंवा टोकातून सैल धरलेली वा टांगलेली दिसली, आणि तिच्यावर खुंटी, वादी, भोक यांपैकी काही नसले, तर ती घन कुळातली म्हणायला हरकत नाही.

कमरेला बांधलेली दोन भांडी म्हणजे संबळ. जुन्या फोटोत कातडे म्हणून ओळखू येईल असे काही दिसत नाही, नुसता पांढरट गोल दिसतो, आणि तो धातूचे झाकणही असू शकतो. पण भांड्याच्या अंगावरून दोरीची नागमोडी वीण खाली गेलेली स्पष्ट दिसते. झाकणाला कोणी अशी वीण घालत नाही. वीण आहे म्हणजे काहीतरी ताणलेले आहे, आणि गोल तोंडावर ताणायचे ते कातडेच. कूळ ठरले, अवनद्ध. मग पुढचा प्रश्न, जोडी आहे तर हा तबला-डग्गा का नाही? तबला हाताने वाजतो आणि त्याच्या पुडीवर शाईचा काळा गोल असतो, जो धुरकट फोटोतही उठून दिसतो. इथे शाई नाही, गोंधळ्याच्या दोन्ही हातांत काड्या आहेत, आणि तो उभा आहे.

सारी फसगत एका सवयीतून होते. आपण आकार आणि साहित्य पाहून ठरवतो. याची तीन उदाहरणे सांगतो, कारण फोटो पाहताना चुका बहुधा इथेच होतात.

पहिले मडके. गोव्यातले घुमट आणि दक्षिणेतला घटम, दोन्ही भाजलेल्या मातीची. पण घटमचे तोंड उघडे असते. वादक ते पोटाकडे धरतो आणि बोटे थेट मातीवर मारतो, म्हणून तो घन. घुमटाला दोन तोंडे असतात. रुंद तोंडावर कातडे, अरुंद तोंड उघडे. एका हाताने कातडे वाजवायचे आणि दुसऱ्या हाताने मागचे तोंड झाकत-उघडत आवाज घुमवायचा. म्हणून घुमट अवनद्ध. फोटोत मडके दिसले तर मातीकडे पाहू नका, वादकाच्या बोटांसमोर काय आहे ते पाहा. घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लावत. वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपड मारण्यावर बंदी आल्यापासून बकरीचे कातडे आले. तेव्हा जुन्या फोटोतल्या घुमटाच्या पुडीवर खवल्यांची बारीक नक्षी दिसू शकते, हल्लीच्या घुमटावर ती दिसणार नाही. कूळ मात्र दोन्हींचे एकच.

दुसरा भोपळा. आपल्याकडे भोपळा दिसला की डोळ्यांपुढे तंबोरा येतो, कारण मिरजेचे कारागीर तंबोरा-सतारीला वाळवलेल्या कडू भोपळ्याचाच तुंबा लावतात. पण पालघरच्या वारली वस्त्यांतला तारपाही भोपळ्याचाच. त्यात भोपळ्याला बांबूच्या दोन नळ्या जोडलेल्या असतात, नळ्यांत पात्या असतात, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा, आणि वादक भोपळ्यात फुंकतो. एक तत, एक सुषिर. भोपळा दोन्हीकडे आवाजाला जागा देतो, पण थरथरायला सुरुवात तो कुठेच करत नाही. तंबोऱ्याच्या फोटोत खुंट्या आणि घोडी दिसेल, तारप्याच्या फोटोत फुगलेले गाल.

आणि तिसरे पितळ. वरातीच्या बँडमध्ये सॅक्सोफोन झळकतो तो पितळेमुळे, आणि लोक त्याला कॉर्नेटच्या पंगतीला बसवतात. दोन्ही सुषिर, एवढे बरोबर. पण तोंडाशी पाहा. कॉर्नेटच्या टोकाला लहान वाटी असते आणि वादकाने ओठ तिच्यावर आवळून धरलेले असतात, कारण तिथे ओठच थरथरतात. सॅक्सोफोनचे टोक तिरपे, चोचीसारखे असते. त्याच्या खालच्या बाजूला बोरूची पट्टी बांधलेली असते आणि ते टोक वादकाच्या तोंडात असते. तिथे थरथरते ती पट्टी. म्हणून पितळेचा असूनही सॅक्सोफोन कॉर्नेटपेक्षा लाकडी क्लॅरिनेटच्या जवळचा. अडोल्फ साक्स यांनी १८४६ मध्ये त्याचे पेटंट घेतले तेव्हापासून तो पितळेचा आहे, तरी त्याची गणना काष्ठवाद्यांत होते. आपल्या सनईबद्दलही तोंडाशीच पाहावे. बासरी ओठांसमोर आडवी असते आणि ओठांना नुसती टेकते. सनईची पत्ती ओठांच्या आत असते, म्हणून फोटोत ती दिसत नाही. पण सनईच्या गळ्याशी दोऱ्याला जादा पत्त्या लोंबताना बऱ्याचदा दिसतात. तेवढा पुरावा पुरे.

आता मधल्या गोंधळ्याकडे. त्याच्यासाठीच हा सगळा खटाटोप.

फोटो भिंगाखाली धरला तेव्हा मला चार गोष्टी दिसल्या. लाकडाचा पोकळ नळकांड्यासारखा डबा, वरचे तोंड उघडे. डब्याच्या अंगाला बाहेरून पक्की बसवलेली काठी, डब्याच्या दुप्पट उंच. काठीच्या टोकाला खुंटी. आणि खुंटीपासून डब्याच्या उघड्या तोंडात शिरणारी एक बारीक पांढरी रेघ. तीच तार. ती कुठे जाते ते फोटोत दिसत नाही. ते जाणायला वाद्य उलटे करावे लागते. डब्याचा तळ कातड्याचा असतो. तार डब्याच्या पोकळीतून खाली जाते, कातड्याच्या मधोमध छिद्रातून पलीकडे निघते आणि तिथे एका लहानशा तुकड्याला अडकवलेली असते, म्हणजे खेचली तरी सुटून येत नाही.

म्हणजे इथे ताणाच्या दोन्ही खुणा आहेत. खुंटी आहे, म्हणजे तार ताणलेली. तळाला कातडे आहे, तेही ताणलेले. भाच्याचा गोंधळ झाला तो उगाच नव्हता. १९१४ च्या मांडणीत हॉर्नबोस्टेल आणि झाक्स यांनी या जातीची वाद्ये तारेच्या वर्गात न घालता कातड्याच्या वर्गात घातली. त्यांच्यासाठी त्यांनी ‘छेडायचे ढोल’ असा पोटवर्ग केला. बंगालचे गोपीयंत्र आणि आनंदलहरी ही त्यांची उदाहरणे. त्यांचा विचार असा, की तार कातड्याला बांधलेली आहे, ती छेडली की कातडे हलते आणि आवाज कातड्यातून येतो, तेव्हा हा ढोलच. फक्त काठीऐवजी तारेने वाजवलेला.

पुढच्या अभ्यासकांना हे पटले नाही, आणि मलाही पटत नाही. तुणतुणे हातात असेल तर खात्री करायला दोन मिनिटे पुरतात. तारेवर बोट ठेवून कातड्यावर टिचकी मारा. बोदा ‘धप्’ ऐकू येईल, सूर नाही. आता तार छेडा. सूर निघेल. खुंटी पिळा, सूर चढेल. छेडल्याबरोबर तारेवर बोट ठेवा, सूर तिथेच मरेल. याचा अर्थ थरथर तारेत सुरू होते, तिचा सूर तार ठरवते, आणि कातडे ती थरथर मोठी करून बाहेर सोडते. तंबोऱ्यात हेच काम तबलीचे पातळ लाकूड करते, म्हणून तंबोऱ्याला कोणी लाकूड वाजवायचे वाद्य म्हणत नाही. मूळ प्रश्न आधी काय थरथरते हाच असेल, तर तुणतुणे तत कुळातले.

मग ते सतारीसारखे दिसत का नाही? कारण तारेची दिशा वेगळी आहे. सतारीत, तंबोऱ्यात, एकतारीतसुद्धा तार तबलीच्या किंवा कातड्याच्या वरून, तिला समांतर धावते आणि घोडीवर टेकते. घोडी थरथर खाली पोचवते. तुणतुण्यात तार कातड्यावर काटकोनात उभी असते आणि त्याला सरळ खेचते. घोडीची गरजच उरत नाही. फोटोत घोडी शोधणाऱ्याला ती सापडत नाही, म्हणून तो तार नाहीच असे समजतो आणि डब्याला ढोल म्हणून मोकळा होतो.

तुणतुण्याचे एक भावंड आहे, त्याच्याशी गल्लत होऊ नये. यल्लम्माचे जोगती आणि आंबाबाईचे आराधी चौंडके वाजवतात. तेही काखेतले, तेही कातड्याच्या तळाचे, त्यातही तार किंवा तात. पण चौंडक्याला काठी नाही आणि खुंटीही नाही. तारेचे दुसरे टोक वादकाच्या मुठीत असते आणि ताण तो हातानेच देतो. ओढले की सूर चढतो, सैल सोडले की उतरतो, म्हणून चौंडके बोलल्यासारखे वाजते. तुणतुण्याची काठी ताठ असल्याने ताण बदलत नाही. ते एकच सूर धरून बसते आणि गोंधळात वा तमाशात गाणाऱ्याला आधार देते. ‘आपलंच तुणतुणं वाजवणं’ हा वाक्प्रचार त्याच्या या एकसुरी स्वभावावरून आला. फोटोत फरक ओळखायचा तर डाव्या-उजव्या हाताच्या मधली जागा पाहा. खुंटी असेल तर तुणतुणे, ताणून धरलेली मूठ असेल तर चौंडके.

फोटोला मर्यादाही आहेत. कूळ फोटोवरून बहुतेकदा कळते, त्यातले नेमके भावंड कळेलच असे नाही. तंबोरा आणि सतार सहज वेगळी होतात, कारण सतारीच्या दांडीवर पडदे असतात आणि डावा हात त्यांवर असतो, तर तंबोऱ्याची दांडी मोकळी असते. पण सतार आणि तिचा थोरला भाऊ सूरबहार यांच्यात फरक मुख्यतः आकाराचा, आणि शेजारी माणूस नसेल तर फोटोत आकार कळत नाही. वादकाच्या हातांवरूनही जपून बोलावे. जुन्या फोटोंच्या काही प्रती उलट्या छापल्या जात, आणि मग उजव्या हाताचा वादक डावरा दिसतो. सदऱ्याची बटणपट्टी कुठल्या बाजूला आहे ते पाहिले की हे पकडता येते. आणि स्टुडिओतल्या फोटोत तर वाद्य नुसते शोभेला दिलेले असू शकते. बोटे तारेपासून वीतभर लांब असतील, तर त्या पकडीवरून काही ठरवू नये.

सगळ्यात मोठी मर्यादा तुणतुण्याने दाखवली. वाद्याचा सर्वांत महत्त्वाचा भाग बऱ्याचदा तळाला, आत किंवा वादकाच्या तोंडात असतो आणि फोटोग्राफर समोरून फोटो काढतो. पेटीचेच पाहा. समोरून काळ्या-पांढऱ्या पट्ट्या दिसतात, म्हणून ती पियानोची नातेवाईक वाटते. पियानोत हातोड्या तारांवर पडतात. पेटीत तार नाहीच. वादकाचा एक हात मागे भाता हलवतो, आणि त्या हवेने पितळी सूर थरथरतात. पेटी बासरी-सनईच्या बाजूची आहे, हे फोटोत कळते ते फक्त मागचा भाता दिसला तर.

म्हणून एक विनंती. तुमच्या गावच्या जत्रेत, देवळात, आजोळच्या माळ्यावर एखादे वाद्य दिसले आणि मोबाइल काढलात, तर एकच फोटो काढून थांबू नका. एक फोटो वाद्य वाजवणाऱ्याच्या हातात असतानाचा घ्या. दुसरा, हात किंवा तोंड जिथे लागते त्या जागेचा, जवळून. तिसरा ताणाचा, म्हणजे खुंट्यांचा किंवा वाद्यांचा. आणि चौथा, वाद्य उलटे करायला सांगून, तळाचा. पन्नास वर्षांनी तो फोटो कोणाच्या तरी ट्रंकेतून निघेल आणि एखादे पोर तोच प्रश्न विचारेल.

आमच्या फोटोमागे मी पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. डावीकडून : संबळ, अवनद्ध. तुणतुणे, तत. झांज, घन. भाच्याने तुणतुण्यापुढे कंसात भर घातली, ‘ढोल नाही’.